रोबोटच्या सांध्यासाठी एफओसी बोर्ड: अँपिअर कुठले मोजायचे?

>> रोबोटच्या हाताच्या सांध्यात मोटर चालवायला ड्रोनचा ईएससी लावलाय, तो हळू फिरताना झटके देतो. एफओसी बोर्ड घ्यायचा तर किती अँपिअरचा?

झटके येणारच. तो ईएससी रोटरची जागा बॅक-ईएमएफवरून, म्हणजे फिरणाऱ्या मोटरमध्ये तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजवरून ओळखतो आणि कमी वेगात ते जवळपास उरतच नाही. एफओसीत, म्हणजे फील्ड ओरिएंटेड कंट्रोलमध्ये, एन्कोडर रोटरचा कोन सांगतो, बोर्ड फेजमधला करंट मोजतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र रोटरच्या क्षेत्राशी कायम ९० अंशांवर ठेवतो. म्हणून टॉर्क सलग मिळतो, अगदी थांबलेल्या अवस्थेतही.

अँपिअर टॉर्कवरून काढा. ३० सेंमी हातावर १ किलो म्हणजे साधारण २.९ न्यूटन-मीटर. ९:१ गिअर असेल तर मोटरवर ०.३३. १०० केव्हीच्या, म्हणजे दर व्होल्टला १०० आरपीएमच्या मोटरचा टॉर्क स्थिरांक ८.२७/१०० म्हणजे ०.०८३, म्हणून नुसतं धरून ठेवायला ४ अँपिअर. (हाताचं स्वतःचं वजन वेगळं.) पॉवर सप्लायच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. फेजचा रोध ०.१ ओहम असेल तर स्थिर सांध्यात जेमतेम २.४ वॉट जळतात, २४ व्होल्टवर ०.१ अँपिअर दिसतो. शिवाय थांबलेल्या मोटरमध्ये सगळ्यात जास्त करंट सतत एकाच फेजमधून जात राहू शकतो, तिथलेच मॉस्फेट तापतात. त्यामुळे बोर्डाचा पीक आकडा सोडा, पंख्याशिवायचा सततचा फेज करंट बघा. इथे मी ८-१० अँपिअरवाला घेईन.