थरची बेरीज का जुळत नाही

> थर वाळवंट २ लाख चौ. किमी, त्यातलं ८५% भारतात. मग एकट्या राजस्थानात २ लाख ९ हजार कसं?

भाऊ, दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त मोजलंय वेगवेगळं.

२ लाखाच्या ८५% म्हणजे १ लाख ७० हजार, हा भारताचा वाटा. इथं हद्द निसर्गाची आहे, म्हणजे वाळवंट कुठवर दिसतं ती. २ लाख ९ हजार हे मात्र पश्चिम राजस्थानातल्या जुन्या १२ जिल्ह्यांचं अख्खं क्षेत्रफळ आहे. राज्याच्या ३ लाख ४२ हजारांपैकी ते सुमारे ६१% भरतं. एकदा जिल्हा वाळवंटी जिल्ह्यांच्या यादीत गेला की कालव्याचं हिरवं रानही वाळवंटात धरलं जातं. आपल्याकडे तालुका दुष्काळी जाहीर झाला की ओलिताचं वावरही त्यात येतं, तसंच हे.

खरी गफलत पुढे आहे. देशाच्या एकूण उष्ण कोरड्या पट्ट्यातही राजस्थानचा वाटा सुमारे ६२% आहे. तो पट्टा जवळपास ३ लाख १७ हजार चौ. किमीचा असून त्यात आंध्र-कर्नाटकचाही भाग येतो. ६१ आणि ६२ सारखे दिसतात, म्हणून ‘थरचा ६०% राजस्थानात’ असं बिनधास्त छापतात! टक्का कशाचा, ते आधी बघा.

पाकिस्तानकडेही तेच. १५% म्हणजे ३० हजार, पण तिथलं एकटं चोलिस्तान वाळवंटच सुमारे २६ हजार आहे. ते थरमध्ये धरायचं की वेगळं, यावर वाटा बदलतो.