भाडं दर महिन्याला उशिरा देणाऱ्या जुन्या भाडेकरूला कसं सांगता?

कोथरूडकर: आमच्या फ्लॅटमध्ये एकच कुटुंब 9 वर्षं राहतंय. माणसं चांगली, घर आमच्यापेक्षा नीट ठेवतात. भाडं 21,000. करारात 5 तारीख आहे, पैसे येतात 18 ते 22 च्या दरम्यान. बुडवलं कधीच नाही. मी लिहितो, "काका, जमलं तर बघा हं", तिकडून अंगठा येतो. संबंध न बिघडवता कसं सांगायचं? अनुभव लिहा.

सहकारनगर: "जमलं तर" म्हणून तारीख तुम्हीच सोडून देताय. मीही 4 वर्षं हेच केलं. मग 6 तारखेलाच लिहायला लागलो: "नमस्कार काका. जूनचं भाडं 21,000 रुपये 5 तारखेला यायचं होतं, अजून जमा झालेलं नाही. कोणत्या तारखेला पाठवताय तेवढं आज कळवा." बस. आपल्या हप्त्याचं रडगाणं घालायचं नाही, नाहीतर कोणाची अडचण मोठी यावरच बोलणं जातं. त्यांनी तारीख दिली की "ठीक, 10 तारीख धरतो" असं उत्तर द्यायचं, म्हणजे ती लेखी राहते. दुसऱ्या महिन्यात आमच्या भाडेकरूंनी सांगितलं की पगारच 10 ला होतो. करार नव्याने करताना 12 तारीख घातली. आता 13 ला क्वचितच मेसेज करावा लागतो.

पेठेतली सून: आमच्या वाड्यात भाडं 140 रुपये आहे, तेही सहा-सहा महिन्यांनी! वकील म्हणाले, आधी लेखी मागणीची नोटीस द्या आणि 90 दिवस थांबा, त्याआधी दावा लावता येत नाही. तुम्हीही नोटीसच द्या.

सहकारनगर: वहिनी, ते जुन्या भाडेकरूंचं. यांचा 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असणार, त्याचा रस्ता वेगळा. शिवाय दोन आठवडे उशीर झाला म्हणून नोटीस? 9 वर्षांची माणसं जातील.

बाणेर_एकटा: एवढं गोड कशाला? डिपॉझिटमधून कापा, आपोआप सुधारतात.

सहकारनगर: कापलं की सोडताना रंगकामाला, लाइटबिलाला हातात काय उरणार? आणि त्यांना वाटेल, चला, भाडं भागलं.

भाडेकरू_वारजे: दुसऱ्या बाजूने सांगते. आमच्या मालकांनी एकदा सोसायटीच्या ग्रुपवर आठवण केली. पैसे त्याच संध्याकाळी दिले, पण त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. फक्त आम्हाला लिहिलं असतं तर चाललं असतं.

बाणेर_एकटा: करारात उशिराचे रोज 100 रुपये लिहा, मग बघा.

कोथरूडकर: ते 100 रुपये मागायला मला आणखीच जीवावर येईल. पण 6 ला सहकारनगरांचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. दोन तास निळ्या खुणा, उत्तर नाही. संध्याकाळी "11 ला करतो". आले 11 लाच. तारीख बदलून हवी का, हे करार नव्याने करताना विचारणार आहे. काकू मात्र परवा जिन्यात भेटल्या तेव्हा काही न बोलता गेल्या. घाईत होत्या की काय, कळलं नाही.