शब्दचर्चा: ‘युनरी रिकर्सिव्ह रिलेशनशिप’ आणि ‘रोल नेम’ला मराठीत काय म्हणावं?

रेवती
तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला डेटाबेस शिकवते. मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय आणि एकाच आकृतीपाशी चार दिवस अडकलेय. ‘कर्मचारी’ असा एकच चौकोन, शेजारी ‘देखरेख’ लिहिलेली शंकरपाळी, आणि शंकरपाळीतून निघालेल्या दोन्ही रेघा परत त्याच चौकोनात. याला मी ‘एकपदी आवर्ती संबंध’ लिहिलंय आणि रोल नेमला ‘भूमिकानाम’. दोन रेघांवर ‘पर्यवेक्षक’ आणि ‘पर्यवेक्षित’. वर्गात एका मुलाने ‘पर्यवेक्षित’ मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. हसण्यासारखंच आहे ते. काही बरं सुचवा.

पिंट्या
युनरी म्हणजे एक. एंटिटी, म्हणजे तुमचा चौकोन, एकच असते, म्हणून ‘एकेरी संबंध’. आणि ती स्वतःशीच जोडलेली असते म्हणून ‘स्वसंबंध’ पण चालेल. रोल नेमचं एवढं काय घेऊन बसलात, आम्हाला सरांनी ऑप्शनल सांगितलंय. नाही लिहिलं तरी मार्क कापत नाहीत.

गोदाकाठ
पिंट्या, एंटिटी एकच हे बरोबर, पण तिथून पुढे घसरलास. चौकोन एक असला तरी संबंधात जागा दोन आहेत. कोण कोणावर देखरेख करतो हे सांगायला दर वेळी दोन माणसं लागतात. ‘एकेरी’ म्हटलं की एकेरी वाहतूक आठवते, नाहीतर साहेबांना मारलेली एकेरी हाक. काही पुस्तकं चौकोन मोजतात आणि याला युनरी म्हणतात, काही जागा मोजतात आणि बायनरीत धरतात. दोन्ही मोजण्या आपापल्या परीने ठीक आहेत, पण मुलांना आपण काय मोजतोय ते सांगायला हवं.

‘स्वसंबंध’ला माझा जास्त विरोध आहे. त्यातून प्रत्येक कर्मचारी स्वतःवरच देखरेख करतो असं वाटतं. रेघ चौकोनाकडे परतते, माणसाकडे नाही.

आणि ऑप्शनलचं म्हणशील तर, एक रेघ ‘कर्मचारी’मध्ये आणि दुसरी ‘विभाग’मध्ये गेली असती तर तुझे सर बरोबर. तिथे चौकोनाचं नावच भूमिकेचं काम करतं. इथे दोन्ही टोकांना ‘कर्मचारी’च लिहिलंय. साहेब कुठल्या टोकाला ते कसं ओळखणार? पीटर चेन यांच्या १९७६ च्या मूळ लेखात हीच गोष्ट लग्नाच्या उदाहरणाने आली आहे: ‘व्यक्ती’ हा एकच संच, आणि विवाह या संबंधात एकाची भूमिका नवऱ्याची, दुसरीची बायकोची.

जुना मास्तर
पर्यवेक्षक ही भूमिका कशी काय? ते पद आहे. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि मग पर्यवेक्षक. मी स्वतः सहा वर्षं त्या खुर्चीत काढली. मान्यतेची फाइल दोनदा परत आली होती. बाईंनी मुलांना चुकीचं सांगू नये. शिवाय मी पर्यवेक्षक असताना शिपाई आणि लिपिक माझं ऐकत नसत, ते थेट मुख्याध्यापकांकडे जात.

गोदाकाठ
मास्तर, प्रश्न पदाचा नव्हता, पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. पद माणसाला चिकटलेलं असतं, भूमिका त्या दोघांमधल्या संबंधाला. तुमच्याकडे पद होतं, पण शिपायाच्या बाबतीत ‘वरचा’ ही भूमिका मुख्याध्यापकांकडे होती.

ओरॅकल शिकलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं `EMP` टेबल घ्या. चौदा माणसं. `JOB` या कॉलममध्ये पद असतं आणि `MGR` मध्ये साहेबाचा नंबर. फोर्ड आणि स्कॉट हे दोघेही पदाने ANALYST. तरी स्मिथच्या ओळीत `MGR` म्हणून फोर्डचा ७९०२ हा नंबर आहे, आणि अॅडम्सच्या ओळीत स्कॉटचा ७७८८. म्हणजे मॅनेजर हे पद नसताना दोघंही कोणाचे तरी साहेब आहेत. `JOB = 'MANAGER'` लावून साहेबांची यादी काढली तर जोन्स, ब्लेक आणि क्लार्क एवढेच मिळतात. फोर्ड आणि स्कॉट निसटतात आणि खुद्द किंगही निसटतो, कारण त्याचं पद PRESIDENT. खरे साहेब सहा आहेत.

म्हणून रेवतीताई, ‘पर्यवेक्षक’ नको. महाराष्ट्रातल्या मुलाला तो शब्द शाळेतलं पद म्हणूनच माहीत असतो.

रेवती
हे पटलं. मग ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’?

वैदर्भी
नको हो! मी सरकारी कार्यालयात आहे. आमच्याकडे ‘वरिष्ठ लिपिक’ हेही पदच आहे. आणि वरिष्ठ म्हटलं की आधी सेवाज्येष्ठतेची यादी डोळ्यासमोर येते. जो आधी लागला तो वरिष्ठ, मग त्याच्या हाताखाली कोणी असो वा नसो.

गोदाकाठ
`EMP` मध्येही नेमकं तेच आहे. सगळ्यांत आधी, डिसेंबर १९८० मध्ये लागलेला माणूस म्हणजे बिचारा स्मिथ, आणि तो साखळीच्या अगदी तळाला. सगळ्यांच्या वर बसलेला किंग नोव्हेंबर १९८१ मध्ये आला. पगार बघावा तर जोन्सला २९७५ आणि त्याच्या हाताखालच्या फोर्डला ३०००. ‘वरिष्ठ’ने यातलं काहीच नीट कळत नाही.

मी रोजच्या कामात ‘वरचा’ आणि ‘हाताखालचा’ म्हणतो. शब्द साधे आहेत, पण कोणीही ऐकल्याबरोबर ‘कोणाचा?’ असं विचारतो. भूमिकेच्या नावाने तेवढं केलं म्हणजे झालं.

काशीची आत्या
मी संगणकातली नाही, पण ‘कोणाचा?’ वरून आठवलं. आपली नाती सगळी अशीच. मामा म्हटला की भाचा आला. सासू म्हटली की सून, नणंद म्हटली की भावजय. दोन टोकांना दोन नावं. पण साडू बघा! मी साडू तर तोही माझा साडू. जावाजावा, व्याहीव्याही, तसंच. तिथे तुमच्या रेघांवर काय लिहिणार?

गोदाकाठ
आत्या, हे वर्गात सांगण्यासारखं आहे! साडूच्या संबंधात दोन्ही रेघांवर एकच शब्द, म्हणून तिथे भूमिकेचं नाव नसलं तरी अडत नाही. अडचण वेगळीच येते. ‘गणपत आणि महादू साडू’ ही नोंद एकदा करायची की उलटून दोनदा? एकदाच करायची तर लहान नंबर कायम डावीकडे असा नियम घालावा लागतो. दोनदा केली तर एक ओळ पुसताना दुसरी विसरली जाते आणि मग गणपत महादूचा साडू, पण महादू गणपतचा कोणी नाही.

पिंट्या
ओके, आकृतीत नाव हवं हे मान्य. पण टेबल बनवल्यावर नावाचा काय संबंध?

गोदाकाठ
एका टेबलात एकाच नावाचे दोन कॉलम ठेवता येत नाहीत. साहेबाचा नंबर हाही कर्मचाऱ्याचाच नंबर, पण `EMPNO` हे नाव आधीच गेलंय. म्हणून रेघेवरचं भूमिकेचं नाव खाली उतरून कॉलमचं नाव होतं. `MGR` तसाच आलाय. पुढे क्वेरी लिहिताना तेच टेबल दोनदा घ्यावं लागतं, तेव्हा टोपणनावंही भूमिकांचीच द्यावीत:

```sql
SELECT hatakhalcha.ename, varcha.ename
FROM emp hatakhalcha
LEFT JOIN emp varcha
  ON hatakhalcha.mgr = varcha.empno;
```

चौदा ओळी येतात आणि किंगसमोरची जागा रिकामी राहते. त्याच्या वर कोणी नाही, म्हणून `MGR` रिकामा ठेवण्याची मुभा लागते. आता टोपणनावं `a` आणि `b` ठेवून कोणी अट उलटी, म्हणजे `a.empno = b.mgr` अशी लिहिली, तर एरर येत नाही, पण ओळी एकवीस येतात. किंग तीनदा दिसतो, ब्लेक पाचदा, आणि ज्यांच्या हाताखाली कोणी नाही अशा आठ जणांसमोर रिकामी जागा. गंमत म्हणजे `LEFT` काढून साधा जॉइन केला तर सुलट-उलट दोन्हीकडे तेराच ओळी. मोजून चूक सापडत नाही, फक्त साहेब आणि हाताखालचे यांची अदलाबदल झालेली असते. अशा एका रिपोर्टपायी मी एक आख्खी दुपार घालवली आहे, म्हणून सांगतो.

रेवती
आता ‘एकपदी आवर्ती’चं बघू. ‘एकपदी’ बीजगणितातली राशी वाटते, तो गेला. ‘आवर्ती’ ठेवावा का?

वैदर्भी
आवर्ती म्हणजे बँकेतली ठेव. दर महिन्याला पुन्हा पुन्हा भरायची.

गोदाकाठ
आणि शाळेत आवर्ती दशांश. तेच आकडे फिरून फिरून येतात. नेमकी तीच छटा इथे घातक आहे. स्मिथचा वरचा फोर्ड, फोर्डचा जोन्स, जोन्सचा किंग, आणि तिथे थांबायचं. साखळी हवी, चक्र नको. पण डेटाबेस चक्र आपणहून अडवत नाही. फॉरेन की एवढंच बघते की `MGR` मधला नंबर टेबलात आहे का. समजा कोणी जोन्सचा `MGR` बदलून स्मिथचा ७३६९ टाकला. नंबर टेबलात आहे, बदल बिनबोभाट होतो. आता किंगपासून सुरू करून खालचं झाड काढा: जोन्स, स्कॉट, फोर्ड, अॅडम्स, स्मिथ हे पाचही जण गायब, चौदातले नऊच दिसतात, आणि एररही नाही. त्या पाचांतल्या जोन्स, फोर्ड किंवा स्मिथपासून सुरुवात केलीत तरच ओरॅकल चक्र सापडलं म्हणून `ORA-01436` असा ओरडतो. म्हणून झाडातली माणसं आणि टेबलातल्या ओळी दर वेळी ताडून बघाव्यात.

मी ‘स्वगामी’ सुचवेन, पण त्यावरही ‘स्वसंबंध’चाच आक्षेप येऊ शकतो, हे कबूल.

काशीची आत्या
‘घरातल्या घरातला संबंध’ म्हणा की! आमच्या वेळी मामाच्या मुलीशी लग्न व्हायचं, त्याला हेच म्हणत.

वैदर्भी
आत्या, हे भारी आहे, पण परीक्षेत लिहिता येणार नाही.
माझी एक शंका. गोपनीय अहवालात आमच्या प्रत्येक माणसाला दोन अधिकारी असतात, प्रतिवेदन अधिकारी आणि पुनर्विलोकन अधिकारी. दोघंही कर्मचारीच. मग शंकरपाळ्या दोन काढायच्या का? बहुतेक वेळा पुनर्विलोकन करणारा हा प्रतिवेदन करणाऱ्याचा वरचाच असतो. मग तो साखळीतून आपोआप मिळेल ना?

गोदाकाठ
‘बहुतेक वेळा’ असेल तर दोन काढा. नेहमीच तसं असेल तर एकच, कारण तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी एकमेकींशी जुळत नाही. पण मधल्या साहेबाची बदली झाली तर? अहवाल ज्या काळाचा त्या काळातला वरचा लागेल, आजचा नाही. एका `MGR` कॉलममध्ये ते मावत नाही, संबंधाला तारखा जोडाव्या लागतील. हे तुमच्या आस्थापना शाखेला विचारूनच ठरवा.

रेवती
तूर्त पानावर ‘वरचा’ आणि ‘हाताखालचा’ लिहिते, आणि साडूचं उदाहरण आत्यांच्या परवानगीने घेते. ‘रिकर्सिव्ह’ देवनागरीत तसाच ठेवलाय. ‘युनरी’ खोडलाय, पण परीक्षेच्या पेपरात तोच येतो, त्यामुळे पेन्सिलीने परत लिहावा लागणार.

जुना मास्तर
हाताखालचा म्हणा, पण मुख्याध्यापकांसमोर म्हणू नका.