गुलिक आणि मांदी: एकच की दोन?

ओवी_सातारा: भाचीच्या पत्रिकेत 'गु' आणि 'मां' अशी दोन अक्षरं वेगवेगळ्या घरांत लिहिलेली आहेत. 'गु' म्हणजे गुलिक एवढं कळलं. 'मां'चा अर्थ 'मांदी' असं सांगितलं गेलं, पण मांदी म्हणजे तर मेळा, समुदाय. हा शब्द पत्रिकेत कुठून आला? आणि दोघंही शनीचे मुलगे असतील तर त्यांची घरं वेगळी का?

माउलीचा_वारकरी: ताई, पसायदानातली 'ईश्वरनिष्ठांची मांदियाळी' आठवा. त्या घरात शुभ ग्रहांचा मेळा जमला असेल, म्हणून तसं लिहिलं असेल. चांगलंच आहे की!

घटिकापात्र: वारकरीबुवा, मांदियाळीतली मांदी मराठीच आणि तिचा अर्थही तुम्ही म्हणता तोच, पण पत्रिकेतली मांदी निराळी. शनीचं एक नाव मंद, कारण तो सावकाश चालतो. दशरथाचा मुलगा दाशरथि, तसा मंदाचा मुलगा मान्दि. मराठीत येताना तो 'मांदी' झाला आणि आपल्या जुन्या शब्दाला येऊन भिडला. म्हणून 'तो मांदी' म्हणावं, 'ती मांदी' नव्हे, असं मला वाटतं. बोलताना मात्र सगळे 'ती'च म्हणतात.

पंचांगवाले_नाना: उगाच गुंता करू नका. गुलिक आणि मांदी एकाच उपग्रहाची दोन नावं. कॅलेंडरवर गुलिककाळ छापलेला असतो, रविवारी दुपारी ३ ते ४:३०. तेव्हा जे लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, उदित असतं तिथे गुलिक. झालं.

घटिकापात्र: नाना, निम्मं बरोबर आहे. गुलिककाळ आणि गुलिक एकाच हिशोबातून येतात. पण ३ ते ४:३० ही वेळ सूर्योदय ६ ला आणि सूर्यास्त ६ ला धरून छापलेली. पत्रिकेसाठी त्या गावचं, त्या दिवसाचं खरं दिनमान घ्यावं लागतं. त्याचे आठ भाग करायचे. पहिला भाग वाराच्या स्वामीचा, पुढचे वारांच्या क्रमाने, आठव्याला स्वामी नाही. यात शनीचा जो भाग येईल त्याच्या आरंभी उगवणारं लग्न म्हणजे गुलिक. रविवारी हा भाग सातवा, सोमवारी सहावा, असं उतरत शनिवारी पहिला.

मांदीचा हिशोब वेगळा. दिवस ३० घटींचा मानून रविवारपासून २६, २२, १८, १४, १०, ६, २ या घटी घेतात. फलदीपिका या ग्रंथात त्या कटपयादीने, म्हणजे अंकांसाठी अक्षरं वापरून, दिल्या आहेत: चर, रुद्र, दास्य, घट, नित्य, तान, खनि. अक्षरांचे अंक उलटे वाचायचे. 'चर' मध्ये च म्हणजे ६, र म्हणजे २, म्हणून २६. दिनमान ३० घटींहून कमीजास्त असेल तर त्याच प्रमाणात या घटीही कमीजास्त करायच्या.

ओवी_सातारा: दादा, एखादं उदाहरण करून दाखवाल का?

घटिकापात्र: मे महिन्याच्या मध्यातला पुण्यातला रविवार घेऊ. सूर्योदय ६:००, सूर्यास्त ७:००, दिनमान १३ तास, म्हणजे ७८० मिनिटं. बाळाचा जन्म सकाळी ११:३० चा, लग्न कर्क.

आठांतला प्रत्येक भाग साडेसत्त्याण्णव मिनिटांचा. सहा भाग संपले की शनीचा सुरू होतो, म्हणजे दुपारी ३:४५ ला. त्या वेळी साधारण कन्या १६ अंश उगवतात, तो गुलिक. मांदीसाठी ७८० चा तिसावा हिस्सा २६ मिनिटं, त्याच्या २६ पट म्हणजे ६७६ मिनिटं. वेळ संध्याकाळी ५:१६, आणि लग्न तुळेचे ७ अंश.

म्हणजे कर्क लग्नाला गुलिक तिसऱ्यात आणि मांदी चौथ्यात. पाराशरी होरा या ग्रंथात तिसरा गुलिक चांगला सांगितला आहे: गावचा प्रमुख, राजमान्य, सज्जनांची आवड असलेला. चौथ्याचं फळ नेमकं उलटं: रोगी, सुखाला पारखा, वात-पित्ताने त्रस्त. सहावं, दहावं, अकरावं ही घरंही गुलिकाला अनुकूल मानली आहेत. आता कोणी दोघांना एकच समजून 'गु'चं फळ 'मां'च्या घरी वाचलं, तर याच बाळाचं भाकीत उलटं होतं.

आणखी एक. त्या रविवारी पुण्यात दिवसा जन्मलेल्या प्रत्येकाचा गुलिक कन्येच्या १६ अंशांवरच असतो. तो फिरणारा गोल नाही, दिवसाच्या वेळेवरून काढलेला बिंदू आहे. माणसागणिक बदलतं ते फक्त लग्न, म्हणून घर. त्यामुळे नुसतं घर पाहून निकाल देणं मला पटत नाही. बिंदू ज्या राशीत आहे तिचा स्वामी कसा आहे हेही पाहायला हवं. इथे गुलिकासाठी बुध, मांदीसाठी शुक्र. तो बळकट होऊन केंद्रात किंवा त्रिकोणात असेल तर दोष पुष्कळ सौम्य होतो.

कोचीवासी_आई: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विचारतेच. आम्ही बरीच वर्षं कोचीत आहोत. मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडच्या ज्योतिषांनी सप्तमात मांदी आहे म्हणून नकार दिला. इकडे मांदीला फार मानतात, प्रश्नकुंडलीत तर प्रेतबाधाही मांदीवरूनच पाहतात. आमच्या कोल्हापूरच्या गुरुजींनी हा शब्द उच्चारलाही नव्हता. मुलीचा जन्म रविवारी पहाटे २ चा.

घटिकापात्र: ताई, आधी एक तपासा. पहाटे २ ला तारखेने रविवार असला तरी ज्योतिषाचा वार सूर्योदयाला बदलतो. तो जन्म शनिवारच्या रात्रीचा. शिवाय रात्रीची गणना पाचव्या वारापासून सुरू होते, म्हणून शनिवारी रात्री शनीचा भाग चौथा आणि मांदी १४ घटींवर. रविवारची रात्र धरली तर १० घटी होतात. बारा तासांच्या रात्रीत या दोन वेळांत १ तास ३६ मिनिटांचा फरक पडतो, लग्न सहज एक रास सरकतं. आणि चुकून रविवारच्या दिवसाची घटी धरली असेल तर सगळंच भलतीकडे जातं. मांदीची घटिका त्यांनी कोणत्या वेळेची धरली, एवढंच विचारा.

कोचीवासी_आई: छापील जातकात वार 'रविवार' लिहिलाय. उद्याच पुन्हा करून घेते.

पंचांगवाले_नाना: तरी माझी शंका उरतेच. माझे गुरू गुलिकासाठी भागाचा शेवट धरायचे, आरंभ नाही. रविवारी शनीचा भाग सव्वासव्वीस घटींना संपतो, तुमची मांदी २६ वर. म्हणजे जवळपास एकच की!

घटिकापात्र: रविवारी हो. सोमवारीही तसंच, साडेबावीस आणि २२. पण शनिवारी भाग पावणेचार घटींना संपतो आणि मांदी २ वर. एकीकडे पावणेचारची पायरी, दुसरीकडे चारची, त्यामुळे अंतर वाढत जातं. एकच गोष्ट असती तर ते वाढलं नसतं. मात्र आरंभ की शेवट यावर परंपरांत एकमत नाही, हे खरंच. मी आरंभ घेतो.

पंचांगवाले_नाना: मी शेवटच घेणार. पण शनिवारची आकडेमोड आज रात्री करून पाहतो.

ओवी_सातारा: भाचीचा जन्म गुरुवारी दुपारचा. शनीचा भाग तिसरा, साडेसात घटींना सुरू, आणि मांदी दहाव्या घटीला, बरोबर ना? अंतर तासाभराचंच, तरी घरं वेगळी पडली, म्हणजे मधे रास बदलली असणार. 'मां' सहाव्यात आहे. गुलिकाला सहावं चांगलं, पण मांदीलाही चांगलंच मानायचं का?

कोचीवासी_आई: इकडे तरी सहाव्यातल्या मांदीला कोणी घाबरत नाही, ओवी. सातव्यातली आणि आठव्यातली म्हटलं की मात्र सगळे गप्प होतात.