भरली वांगी आणि वाईन: हा अट्टहास कशाला?

तिखटराव: परवा एका पाहुण्यांकडे जेवायला होतो. भरली वांगी, आमटी, पनीर, आणि शेजारी लाल वाईन. वांग्याच्या घासावर घोट घेतला आणि तोंड कडू झालं. वाईन ही मटण-चीजवाल्यांची चैन. आपल्या जेवणाशी तिचं जमत नाही आणि ओढूनताणून जमवूही नये.

द्राक्षबागाईत: चुकीची बाटली उघडली आणि खापर वांग्यावर? अहो, तुमच्या वांग्यात गूळ होता. गोड घासानंतर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाईन असते त्याहून आंबट आणि तुरट लागते. त्यात लाल वाईनला सालीतून आलेलं टॅनिन, वर वांग्याचा स्वतःचा तुरटपणा. मटणाबरोबर हे टॅनिन प्रथिनांना चिकटतं म्हणून जीभ वाचते. वांग्याच्या रश्शात ते थेट तुमच्या लाळेवर येतं. आणि तिखटावर अल्कोहोल पडलं की जास्तच झोंबतं.

नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन आणा, पण किंचित गोडसर असलेली. गुळाला तिची गोडी पुरते, चिंचेला तिचा आंबटपणा. आठ-दहा अंशांवर गार हवी. आधी घोट, मग कूट लागलेला घास, मग पुन्हा घोट. दुसरा घोट पाणचट लागला तर वाईन आंबटाला कमी पडली. घसा जळला तर मसाला किंवा अल्कोहोल जास्त झालं. दाण्याच्या कुटाचा खमंगपणा घासानंतरही रेंगाळला, तर जमलं.

सोपा_नियम: एवढं पुराण कशाला? शाकाहाराला पांढरी, मांसाहाराला लाल. संपलं.

द्राक्षबागाईत: मग लोण्यात घोटलेल्या दाल मखनीला काय द्याल? तिथे हलकी लाल छान जाते. पनीरला तर स्वतःची चवच नाही, त्यामुळे बघायची ती ग्रेव्ही. पालक पनीरला पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ, टोमॅटोच्या गोडसर ग्रेव्हीला गुलाबी रोझे. तुमचा नियम वांग्यापुरता खरा आहे, तेवढा ठेवा.

सोपा_नियम: म्हणजे अर्धा बरोबर. आभारी आहे, गुरुजी.

ठाण्याची_सुमा: आमच्या ह्यांना वाईनने पित्त होतं. वांग्यानेही होतं. दोन्ही एकत्र चालेल का?

तिखटराव: सुमाताई, दोन्ही बंद करा, जेलुसिल घ्या.

शुद्धशाकाहारी: सगळे जोड्या जमवताय, पण वाईन शाकाहारी आहे का हे कोणी विचारलं? ती नितळ करायला माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरतात. लाल वाईनला अंड्याचा पांढरा बलक. आणि तुम्ही ती देवघरासमोरच्या टेबलावर ठेवता!

द्राक्षबागाईत: वापरतात, पण सगळे नाही. पांढऱ्या वाईनसाठी बऱ्याच ठिकाणी बेंटोनाईट, म्हणजे माती वापरतात. वाईन गढूळ करणारी प्रथिनं तिला चिकटून तळाशी बसतात आणि वरची नितळ वाईन काढून घेतात. फुगा आणि बलकही असेच तळाशी जातात. तुमच्या बाटलीत काय वापरलं, ते वायनरीला विचारा.

शुद्धशाकाहारी: तळाशी गेलं म्हणून चाललं? उद्या आमटीत बोंबील घालून काढून घ्याल आणि म्हणाल शाकाहारी!

न्यूजर्सीची_वहिनी: अहो, मग तुम्ही पास्त्यावर जे पार्मेजान किसता ना, त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं. ते चालतं?

शुद्धशाकाहारी: मी पास्ता खात नाही.

न्यूजर्सीची_वहिनी: वाईनही पीत नाही. मग भांडताय कशासाठी?

शुद्धशाकाहारी: तत्त्वासाठी. तुम्हाला नाही कळायचं.

सोपा_नियम: मला एक सांगायचंय. लग्नाच्या वाढदिवशी एका हॉटेलात लाल वाईन मागवली. तंदूरशेजारच्या कपाटातून काढून कोमटच ओतली. वर वेटर म्हणतो, साहेब, लाल वाईन रूम टेंपरेचरलाच प्यायची. मे महिना होता हो!

द्राक्षबागाईत: ती सोळा-अठरा अंशांची खोली. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचीच, नाहीतर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. तिखटरावांच्या पाहुण्यांनीही बहुतेक हेच केलं असेल.

तिखटराव: बाटली टीव्हीशेजारी उभी होती खरी. बरं, रविवारी वांगी होणारच आहेत, आणतो तुमची शेनिन. कडू लागली तर बिल तुम्हाला पाठवीन. आणि आमटीचं काय? त्यावर गप्प का?

द्राक्षबागाईत: आमटीशी मला अजून काहीच जमवता आलेलं नाही. गरम, पातळ, आंबट. वाटी तोंडाला लावल्यावर मागून काय घ्यायचं? फोडणीच्या वरणाला बुडबुड्यांची चालते, आमटीला नाही.

तिखटराव: चला, एक गोष्ट तरी माझी खरी ठरली. आमटीला ताकच.

शुद्धशाकाहारी: वायनरीला फोन केला का कोणी?