दर तासाला ‘आत्ता काय केलंस?’ : तुमचे अनुभव सांगा

काल कपाट आवरताना जुनी वही सापडली. फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा रात्री झोपताना आठवून आठवून तास लिहायचे आणि रोज दोन-अडीच तासांचा हिशेबच लागायचा नाही. पुढे भावाने कॉम्प्युटरवर एक छोटी खिडकी बसवून दिली, तासाला उघडते, ‘आत्ता काय केलंस?’ विचारते, मी दोन शब्द टाइप करते, सातला बेरीज येते.

पहिल्याच आठवड्यातला एक दिवस अजून लक्षात आहे. मुखपृष्ठ २ तास, त्याच्याच दुरुस्त्या ३, मेल-फोन २, जेवण १. नव्या कामापेक्षा दुरुस्त्या जास्त! तेव्हापासून कोटेशनमध्ये लिहिते, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून तासाप्रमाणे. एक क्लायंट गेला, बाकीच्यांनी मान्य केलं.

तुम्ही कोणी असं करता का?

मंदार_क: करतो, चार वर्षं. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एवढंच आहे

```
0 11-19 * * 1-6 ~/bin/kaay.sh
```

पण ताई एक तपासा, लॅपटॉप मिटलेला असेल तर ती वेळ हुकते आणि क्रॉन नंतर परत विचारत नाही. माझी १ ची नोंद झाली, मग थेट ४ ची. स्क्रिप्ट प्रत्येक नोंदीला सरळ १ तास धरत होती, त्यामुळे २ तास गायब. मग मागच्या नोंदीपासूनचा फरक धरला तर तिन्ही तास शेवटच्या कामावर चढले, तेही खोटंच. आता फरक ७५ मिनिटांच्या वर गेला की एकच तास कामाला देतो, उरलेलं ‘माहीत नाही’ खाली. बिलात ते धरत नाही.

स्नेहल: अगं मग पंधरा मिनिटांनी विचारायला लाव ना, जास्त अचूक येईल

मंदार_क: येतं, पण लिहिणारा टिकला तर. मी केलेलं, तिसऱ्या दिवशी सगळीकडे ‘तेच’ ‘तेच’ लिहिलेलं, आणि ते ‘तेच’ म्हणजे कुठलं हे संध्याकाळी मलाच कळेना

वृषाली: मुलाच्या अभ्यासाला चालेल का हे? दहावीला आहे, तासाला विचारलं की चिडतो

धागाकर्ती: वृषाली, त्याचं त्याला लिहू दे, तू वाचू नकोस. माझा पुतण्या तसं करतो. बाकी तुझा मुलगा कसा आहे, ताप उतरला का?

वृषाली: हो गं, कालपासून बरा आहे

अनिकेत: माझी खिडकी उघडतच नाही. टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून नाही, दोन दिवस डोकं धरून बसलोय

मंदार_क: क्रॉनला स्क्रीन कुठली ते माहीत नसतं, स्क्रिप्टच्या सुरुवातीला `export DISPLAY=:0` टाकून बघ

अनिकेत: टाकलं, अजून नाही. रात्री बघतो परत

स्नेहल: मला वेगळंच विचारायचंय, पाच-सात मिनिटांचे फोन कुठे जातात? त्या तासाला मी ‘भाषांतर’ लिहिते पण मधे तीन फोन झालेले असतात

धागाकर्ती: तेच माझंही अडलंय. तासात जे जास्त केलं तेच लिहिलं जातं. मी हल्ली फोन ठेवला की लगेच एक रेघ मारते कागदावर, पण त्या रेघा बेरजेत कशा घ्यायच्या?