मदत हवी आहे: लिची आणि ताजे अंजीर चार दिवस कसे टिकवायचे?

मृण्मयी_पुणे:
शनिवारी मंडईतून अर्धा किलो लिची आणि डझनभर अंजीर आणले. रविवारी संध्याकाळी पाहते तर डब्याच्या तळाला अंजिरांचं पाणी सुटलेलं, वर आंबूस वास. लिचीची सालं तपकिरी झाली होती. दोन्ही धुऊन, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आईला दोन्ही खायला द्यायचंय, खरेदी मात्र रविवारीच जमेल. घेताना काय बघू?

सुहास_ठाणे:
अंजीर कच्चे घ्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. आंबे पिकतात तसे पिकतील.

दिवेघाट:
सुहासदादा, मऊ पडतील, पण गोडी येणार नाही. आमची सासवडजवळ अंजिराची बाग आहे. अंजिराची गोडी झाडावरच भरते. देठाला पांढरा चीक दिसला तर फळ लवकर तोडलंय असं समजा. मानेपाशी किंचित वाकलेलं, हाताला जड लागणारं, अलगद दाबलं तर दबणारं फळ घ्या. सालीला बारीक चिरा असल्या तरी चालतील. खालच्या डोळ्यातून रस गळत असेल किंवा आंबूस वास असेल तर नको.

ताई, तुमचं धुण्यात बिघडलं. ओल राहिली आणि फळं एकमेकांवर दाबली गेली. न धुता, ताटात कागद पसरून एकाच थरात, देठ वर करून फ्रिजमध्ये ठेवा. तरी पिकलेला अंजीर दोन, फार तर तीन दिवस. रविवारचा गुरुवारी द्यायचा भरवसा मी देणार नाही.

वैशाली_नागपूर:
माझ्या सासऱ्यांना शुगर आहे. सुके अंजीर रात्री भिजवून दिले तर चालतात का?

दिवेघाट:
ते डॉक्टरांनाच विचारा ताई. सुक्यात साखर दाट होते, एवढं नक्की.

पाटण्याची_सून:
लिचीचं मी सांगते. मुझफ्फरपूरची शाही जात मे अखेरीस येते, चायना जात त्यानंतर. लिची तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे हिरवट नको. सालीवरचे काटे बोथट, सपाट झालेले हवेत. देठाजवळ काळी भुकटी दिसली तर आत अळी असते. सुटी लिची स्वस्त मिळते, पण देठ उपटताना साल फाटते आणि तिथूनच सडते. डहाळीसकट घ्या, घरी कात्रीने देठाचा तुकडा ठेवून कापा. कोरड्या कागदात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत भाजीच्या कप्प्यात ठेवा. पाच दिवस सहज राहते.

आणि साल तपकिरी झाली म्हणून टाकू नका. साल वाळली की रंग जातो, गर चांगला असतो. सोलून बघा: पांढरा, टणक असेल तर खा. गुलाबी-तपकिरी डाग आणि दारूसारखा वास असेल तर फेका.

सुहास_ठाणे:
आमच्याकडे ओल्या फडक्यात ठेवतात. रंग जास्त टिकतो.

पाटण्याची_सून:
टिकतो, पण फडकं बदललं नाही तर बुरशी येते. मी कोरडाच कागद वापरते.

मृण्मयी_पुणे:
म्हणजे लिची रविवारी, अंजीर मात्र कसंही जमवून बुधवारी. परवाच्या तपकिरी लिच्या अजून ठेवल्या होत्या, आत्ता तीन सोलल्या. दोन पांढऱ्याशुभ्र, गोड निघाल्या. तिसरीला देठाशी ती काळी भुकटी होती. बुधवारी मंडईत तसे मऊ अंजीर मिळतील ना? बहुतेक गाड्यांवर कडकच दिसतात.

दिवेघाट:
सकाळी सातच्या आत जा. मऊ फळ दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून विक्रेते कडक जास्त ठेवतात.